हार्डडिस्क ‘टक्‌टक्’ करू लागली की...

लग्नाचे, बारशाचे फोटो ठेवलेली ती हाताएवढी चपटी हार्डडिस्क आता पुष्कळ घरांत कपाटाच्या खणात असते. आमच्या शेजारच्या वहिनींची डिस्क चालू असतानाच टेबलावरून खाली पडली. पुन्हा जोडली तर आतून टक्, टक्, टक् असा आठ-दहा वेळा आवाज, आणि मग सगळं गप्प!

या आवाजाचा अर्थ समजून घ्या. आत गुळगुळीत तबकडी असते आणि ती मिनिटाला बहुधा ५४०० वेळा फिरते. ग्रामोफोनसारखाच एक हात तिच्यावर फिरतो, पण त्याचं टोक तबकडीला टेकत नाही; केसाच्या हजारो पटींनी कमी अंतरावर तरंगतं. तबकडीवरच्या खुणा वाचून हात आपली जागा शोधतो. टोक दुखावलं की खुणा सापडत नाहीत, हात मागे येऊन आपटतो, पुन्हा जातो. तीच ती टक्‌टक्. वाकडं झालेलं टोक तबकडीवर घासलं, तर वरचा लेप खरवडून निघतो. लेपाबरोबर फोटोही गेले, ते कुणालाच परत आणता येत नाहीत.

डिस्क फिरतच नसेल आणि बारीक ‘पीं पीं’ किंवा गुणगुण ऐकू येत असेल, तर बहुधा टोक तबकडीला चिकटलंय किंवा मोटार अडकलीय. अगदीच शांत असेल तर दोष नुसत्या वायरचाही असतो. वीज कमी पडली तरी टक्‌टक् होते. म्हणून डिस्क पडलेली नसेल, तर दुसरी वायर घेऊन संगणकाच्या मागच्या खाचेत थेट जोडून एकदाच बघावं. तरीही तोच आवाज आला, तर लगेच काढून ठेवावी.

वहिनींच्या मुलाला ती फ्रीजरमध्ये ठेवायची होती! गार डिस्क बाहेर काढली की आत दव धरतं. ते तबकडीवर बसलं की संपलंच. थापटू नये, झाकण उघडू नये, धुळीचा एक कणही पुरे होतो. फायली परत मिळवून देणारे प्रोग्रॅम अशा डिस्कवर चालवू नयेत, कारण ते तासन्‌तास तेच दुखरं टोक फिरवत राहतात. पडद्यावर `You need to format the disk in drive E: before you can use it.` असं आलं, तर सरळ `Cancel` दाबावं.

वहिनींनी डिस्क फेसाच्या कापडात गुंडाळून थेट डेटा परत काढणाऱ्यांकडे नेली. त्यांनी धूळमुक्त जागेत तशाच दुसऱ्या डिस्कची टोकं बसवली आणि सगळं नव्या डिस्कवर उतरवून घेतलं. बरेचसे फोटो मिळाले, काही अर्धे करडे निघाले. देण्याआधी वहिनींनी दोनच प्रश्न विचारले होते: उघडणार कुठे, आणि काही मिळालं नाही तर पैसे किती? दुरुस्तीच्या दुकानदाराने “इथंच उघडून बघतो” म्हटलं, तर डिस्क परत पिशवीत घालावी.