कापलेल्या डोंगराचा फोटो कसा वाचावा

अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात, हॅनकॉक गावाच्या पश्चिमेला, महामार्ग क्रमांक ६८ साइडलिंग हिल नावाच्या लांबट डोंगराला छेदून जातो. १९८३ ते १९८५ दरम्यान सुरुंग लावून केलेली ही खोदाई सुमारे १०० मीटर खोल आहे. तिचा फोटो भूविज्ञानाच्या अनेक पुस्तकांत असतो, कारण गाळाच्या खडकांतली एक मोठी घडी त्यात जवळजवळ सबंध दिसते.

फोटोत सर्वांत आधी नजरेत भरतात त्या आडव्या, सरळ पायऱ्या. पण ते खडकाचे थर नव्हेत. दरड कोसळून दगड रस्त्यावर येऊ नयेत म्हणून अभियंत्यांनी कापलेले ते टप्पे आहेत. म्हणून माणसाने केलेल्या रेषा आधी बाजूला काढायच्या: सपाट टप्पे, सुरुंगाच्या छिद्रांचे उभे पन्हळ, पाणी झिरपून पडलेले डाग. यानंतर ज्या रेषा उरतात आणि पायऱ्यांची पर्वा न करता एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जातात, ते खरे थर.

साइडलिंग हिलमध्ये हे थर दोन्ही टोकांकडून मध्याकडे उतरतात आणि मोठ्या वाडग्यासारखा आकार करतात. अशा खाली वाकलेल्या घडीला अभिनती म्हणतात. वर फुगलेली कमान ती अपनती. फोटोत एकच ठळक थर निवडून तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटाने गिरवला, की घडी स्पष्ट होते. खालच्या भागात शेल, वालुकाश्म आणि कोळशाचे पातळ पट्टे आहेत. वरच्या भागात कठीण, जाड वालुकाश्म आहे. हा गाळ साधारण ३५ कोटी वर्षांपूर्वी साचला. पुढे आफ्रिका आणि उत्तर अमेरिका यांचे भूखंड एकमेकांवर आदळले, तेव्हाच्या दाबाने हे थर वाकले.

इथे एक प्रश्न पडायला हवा. थर खाली वाकलेले असताना जागा दरीची का नाही, डोंगराची का? शेजारच्या अपनतींच्या माथ्यावर खडक ताणले जाऊन फुटले, झिजले, आणि खालचे मऊ थर उघडे पडून वाहून गेले. अभिनतीच्या पोटात मात्र कठीण वालुकाश्म टिकून राहिला. जमिनीचा आजचा चढउतार आणि थरांचा बाक या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे या एका फोटोवरून कळते.

उताराचा कोन मोजताना मात्र फोटो फसवू शकतो. साइडलिंग हिलमध्ये रस्ता घडीच्या अक्षाला जवळपास आडवा जातो, त्यामुळे दिसणारा उतार खऱ्याच्या जवळ आहे. रस्ता तिरका गेला असता तर तोच उतार कमी भासला असता. थर ३० अंशांनी कललेले असतील आणि कापलेली भिंत त्यांच्या उताराच्या दिशेशी ४५ अंशांचा कोन करत असेल, तर भिंतीवर फक्त सुमारे २२ अंश दिसतात. भिंत उताराच्या दिशेला काटकोनात असेल, तर कललेले थरही चक्क आडवे दिसतात.

प्रस्तरभंग ओळखण्यासाठी नुसती भेग पुरत नाही. भेगेच्या दोन्ही बाजूंना तोच थर शोधावा लागतो. थर सरळ पलीकडे गेला, तर ती साधी तडा आहे. तो तुटून वेगळ्या उंचीवर सापडला, तर खडक सरकला आहे. तिरक्या भेगेच्या वर टेकलेला भाग खाली घसरला असेल तर ताण, वर चढला असेल तर दाब, असा पहिला अंदाज करतात.

पण तो अंदाजच. समजा थर ३० अंश कललेले आहेत आणि उभ्या भेगेची एक बाजू त्याच उताराच्या दिशेने १० मीटर आडवी सरकली. भेगेला काटकोनात कापलेल्या भिंतीवर तो थर जवळजवळ सहा मीटर वर चढल्यासारखा दिसेल, जरी काहीही वर गेलेले नसले तरी. कॅलिफोर्नियातला सॅन अँड्रियाज प्रस्तरभंग प्रामुख्याने असाच आडवा सरकतो; म्हणून त्याच्या हालचालीचा हिशेब एका दरडीच्या फोटोवरून मांडता येत नाही. खरी दिशा भेगेच्या पृष्ठावर घासून उमटलेल्या रेषा सांगतात, आणि त्या जवळ जाऊनच पाहाव्या लागतात.

एक सावधगिरी आपल्याकडची. सह्याद्रीच्या घाटांतल्या दरडींमध्ये दिसणारे बहुतेक पट्टे लाव्हाच्या प्रवाहांचे आहेत, गाळाचे नव्हेत. थर गिरवण्याची रीत तिथेही चालते, पण ते समुद्रात किंवा नदीत साचले असे मानू नये.

म्हणूनच दरडीचा फोटो काढताना दोन गोष्टी टिपून ठेवाव्यात: भिंत कोणत्या दिशेने धावते, आणि उंचीचा अंदाज येईल अशी एखादी ओळखीची वस्तू. दिशा नसेल तर फोटोतला कोन आणि खडकातला कोन यांची सांगड घालता येत नाही, आणि वस्तू नसेल तर हातभर सरकलेला थर आणि दहा मीटर सरकलेला थर सारखेच दिसतात.