गावाकडचं पात्र बोललं की सगळीकडे एकच 'गावरान' का ऐकू येतं? एका वऱ्हाडी बापाच्या चार वाक्यांची गोष्ट

रील असो, वेब सिरीज असो की फेसबुकवरची लघुकथा, शेतकरी पात्र आलं की त्याच्या तोंडी ठरलेले शब्द येतात. 'आरं', 'लई', 'न्हाय', 'पैकं', 'म्या'. पात्र यवतमाळचं असो, धुळ्याचं असो की सांगलीचं, भाषा तीच. खाली कमेंटमध्ये कुणीतरी लिहितंच, "आमच्याकडे असं कोणी बोलत नाही." त्यावर उत्तर येतं, "अहो, गावरान टच दिलाय."

हा 'टच' नेमका कुठे चुकतो आणि बरोबर कसा आणता येतो, हे एका उदाहरणातून पाहू. उदाहरण वऱ्हाडीचं घेऊ. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळ या पट्ट्यातली ही बोली. (या पट्ट्यातही ती तालुक्यागणिक थोडी बदलते, हे लक्षात ठेवा.)

प्रसंग असा. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात साठीचा कापूस उत्पादक शेतकरी आहे. कापूस विकला आहे, पण पैसे हातात आलेले नाहीत. मुलगी पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते आणि मेसचे पैसे थकलेत म्हणून तिचा फोन आला आहे. बापाला सांगायचं आहे ते प्रमाण मराठीत एवढंच: "माझ्या कापसाचे पैसे अजून आले नाहीत. आले की लगेच तुला पाठवतो. तू काळजी करू नकोस."

पहिला प्रयत्न: जिल्हाच चुकला

बहुतेक जण याचं असं करतील: "आरं पोरी, माज्या कापसाचं पैकं आजून आल्यालं न्हाईत. आलं की लगीच धाडतो बग. तू काय बी इच्यार करू नगंस."

वाचायला हे 'गावाकडचं' वाटतं. पण 'आल्यालं', 'न्हाईत', 'नगंस' ही रूपं सातारा, सांगली, कोल्हापूर या बाजूची. आपण मराठी सिनेमात वर्षानुवर्षं हीच ऐकली, म्हणून 'ग्रामीण' म्हटलं की डोक्यात हीच वाजतात. यवतमाळच्या माणसाला मात्र हा बाप परका वाटतो. नागराज मंजुळेंचा 'सैराट' (2016) आठवा. त्यातली पात्रं सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याकडची वाटतात. सगळ्या महाराष्ट्राची 'गावरान' बोलत नाहीत. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' माणदेशातली, तर उद्धव शेळके यांची 'धग' वऱ्हाडातली. दोन्हीतली माणसं गावातलीच आहेत, पण एकाचा संवाद दुसऱ्याच्या तोंडी घातला तर तो बसणार नाही.

दुसरा प्रयत्न: मसाला जास्त झाला

आता समजा लेखकाने थोडा अभ्यास केला, चार वऱ्हाडी रील पाहिल्या आणि लिहिलं: "आबे पोट्टे, काय सांगून राह्यलो मी तुले बाप्पा, माह्या कापसाचे पैशे काई येऊन नाई राह्यले ना बे!"

जिल्हा बरोबर आला, पण माणूस गेला. यातला जवळजवळ प्रत्येक शब्द वऱ्हाडात ऐकू येतो. मात्र एकाच श्वासात कोणी एवढं सगळं वापरत नाही. त्यातही 'बे' हा शब्द दोस्तांमध्ये, बरोबरीच्या पोरांमध्ये चालतो. फोनवर पैशासाठी ओशाळलेला बाप मुलीला 'बे' म्हणणार नाही. बाईमाणसाला हाक मारायला तिकडे 'वं' आहे, पुरुषाला 'गा' आहे. कोण कोणाला काय म्हणतं हे माहीत नसताना बोलीतला शब्द उचलला की पात्र उद्धट किंवा वेडगळ दिसायला लागतं.

'करून राह्यला' या रूपाचंही तेच. वऱ्हाडीची ओळख म्हणून ते इतकं गाजलंय की लेखक ते मिठासारखं सगळीकडे टाकतात. ते चालू असलेल्या क्रियेसाठी आहे. 'पाऊस येऊन राह्यला' म्हणजे आत्ता येतोय. पैसे न येणं ही काही डोळ्यांसमोर चालू असलेली क्रिया नाही.

आणि ते 'न' आणि 'ण'चं प्रकरण

इथे थोडं थांबायला हवं, कारण खरी खोच इथे आहे. 'पाणी'चं 'पानी', 'म्हणून'चं 'म्हनून', 'पाहिजे'चं 'पायजे' करणं हा बोली दाखवण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग. पण 'पाहिजे' हा शब्द घाईत पुण्या-मुंबईतला माणूसही 'पायजे' असाच उच्चारतो. 'काहीतरी'चं 'कैतरी' आणि 'नाही'चं 'नै' तर आपण सगळेच करतो. तरी शहरी पात्राचं वाक्य आपण पुस्तकाबरहुकूम लिहितो आणि शेतकऱ्याचं कानाने ऐकून लिहितो. मग कागदावर एक शिकलेला दिसतो आणि दुसरा अडाणी, दोघांचा उच्चार सारखाच असला तरी.

'न' आणि 'ण'ला तर आपल्याकडे जुना जातीचा आणि शाळेतल्या चेष्टेचा इतिहास आहे. त्यामुळे 'पानी' वाचल्यावर वाचकाला यवतमाळ आठवत नाही, फक्त 'खालचा' माणूस दिसतो. त्या मातीतला लेखक सगळीच पात्रं अशी लिहितो तेव्हा गोष्ट वेगळी असते. तिथे सगळेच तसं बोलतात, हसायला बाहेरचा कुणी उभा नसतो. पण एका पात्रापुरतंच स्पेलिंग मोडायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: 'ण' तसाच लिहा. संवाद पडद्यासाठी असेल तर उच्चाराचं काम नटावर सोडा.

'ळ'चंही तसंच करावं लागतं. वऱ्हाडीत 'काळा'चं 'काया' होतं, 'डोळा'चं 'डोया'. कानाला गोड आहे, पण छापून आल्यावर 'काया' म्हणजे शरीर असं वाचलं जातं आणि वाचक अडखळतो.

तिसरा प्रयत्न: शब्द आणि क्रम

मग हातात उरतं काय? दोन गोष्टी. त्या माणसाच्या कामाचे शब्द आणि वाक्याचा क्रम.

कामाच्या शब्दांपासून सुरुवात करू. विदर्भात शेताला 'वावर' म्हणतात, कपाशीच्या झाडाला 'पऱ्हाटी', बैलगाडीला 'बंडी', शेताच्या बांधाला 'धुरा'. विकलेल्या मालाच्या पैशाला 'चुकारा' म्हणतात. आपल्या बापाला नेमका हाच शब्द हवा. 'पैसे' कसलेही असू शकतात. 'चुकारा' म्हटलं की माल गेला, वजन झालं आणि फक्त देणाऱ्याने द्यायचं बाकी आहे, हे एका शब्दात येतं.

आता वाक्य: "चुकारा नाही आला अजून. जिनिंगवाला म्हणते, आज देतो, उद्या देतो. आला का पाठवतोच तुले. मेस बंद नको करू पण."

यात स्पेलिंग मोडून लिहिलेलं काहीच नाही, तरी हे वाक्य साताऱ्याचा माणूस बोलणार नाही. 'जिनिंगवाला म्हणते' यात कर्ता पुरुष आहे, पण क्रियापद 'म्हणतो' नाही, 'म्हणते' आहे. विदर्भात 'तो येते, तो जाते' असंच बोलतात. 'आला की'च्या जागी 'आला का' आहे, 'तुला'च्या जागी 'तुले'. 'करू नकोस' उलटून 'नको करू' झालं आहे. ही बोलीच्या व्याकरणाची रूपं आहेत, बिघडलेले उच्चार नव्हेत, आणि एवढ्यावर चाल बसते.

वाक्यं तुटक का, तर हा माणूस लाजलेला आहे. 'आज देतो, उद्या देतो' हे त्याने इतक्यांदा ऐकलंय की आता तो फक्त पुन्हा म्हणून दाखवतोय. शेवटचा 'पण' वाक्याच्या टोकाला लोंबकळतो. 'काळजी करू नकोस' हे मूळ वाक्य मी काढून टाकलं, कारण मेसबद्दल बोलणारा बाप काळजीबद्दलच बोलतोय.

'चुकारा' शब्द पुण्याच्या वाचकाला कळेल का? पुढच्याच वाक्यात 'जिनिंगवाला, आज देतो' आहे, तिथे तो कळतो. पात्राच्या तोंडून 'चुकारा म्हणजे पैसे' असं वदवलं तर मात्र सगळं फसतं, कारण मुलीला तो शब्द लहानपणापासून माहीत आहे. 'धुरा'सारख्या शब्दाला जास्त जपावं लागतं. प्रमाण मराठीत 'धुरा सांभाळणे' वेगळंच असल्याने 'धुऱ्यावर बसला' असं दृश्य सोबत द्यावं लागतं.

हाच माणूस बँकेत

कोणीही चोवीस तास एकाच पट्टीत बोलत नाही. हाच बाप दुसऱ्या दिवशी पीककर्जाची मुदत मागायला बँकेत गेला की म्हणेल: "साहेब, चुकारा आला नाही अजून. सोमवारपर्यंत थांबा ना. मले... मला माहीत आहे तारीख गेली."

तो प्रमाण मराठीकडे सरकतो, एकदा घसरतो आणि स्वतःला सावरतो. समोरच्या खुर्चीचा दबाव त्या 'मले... मला' मध्ये दिसतो. हे मात्र एकदाच. दर वाक्यात केलं तर पुन्हा तो विनोदी होईल. साहेबाने फाईल बंद केली आणि त्याचा संयम सुटला की बोली पूर्ण परत येते: "काहून नाही भरणार मी? मागच्या साली भरलं नाही का?" इथे कुणी हसत नाही. बोली तीच आहे, पण आता ती त्याच्या रागाच्या बाजूने उभी आहे.

लिहिलेलं वाक्य तपासायचं असेल तर ते प्रमाण मराठीत करून पाहा. हसू गायब झालं तर तुमचा विनोद प्रसंगात नव्हता, फक्त बोलीत होता. आणि त्या भागातल्या कुणाला वाचून दाखवताना 'बरोबर आहे का?' असं विचारू नका. लोक भिडेखातर 'हो' म्हणतात. 'हा माणूस किती वर्षांचा आहे आणि कोणाशी बोलतोय?' असं विचारा. ऐकणारा 'कॉलेजातलं पोरगं असेल' म्हणाला, तर तुमच्या बापाच्या तोंडी कुठेतरी एक 'बे' राहिलाय.

मुलीचं वाक्य लिहायचं राहिलं. ती खोलीत रूममेटसमोर बसली आहे, म्हणून सुरुवात "हो बाबा, मला कळतं" अशी करते. मग फोन घेऊन गॅलरीत जाते, दार लोटते आणि विचारते, "तुम्ही जेवले का? आई काय म्हणते? मले खरं सांगा."