शेपटीविना बत्तीस मिनिटं
१२ ऑगस्ट १९८५ला जपान एअरलाइन्सच्या बोइंग ७४७ची उभी शेपटी जवळजवळ सगळी तुटली, हायड्रॉलिक दाब गेला. विमान दोन तऱ्हांनी झुलू लागलं. फ्युगॉइडमध्ये नाक खाली जाई, वेग वाढे, त्यानं विमान वर चढे, वेग घटे, पुन्हा घसरण. हा झोका संथ. एरवी वैमानिक सहज आवरतो.

डच रोल चपळ. नाक डावीकडे वळलं की मागे झुकलेल्या पंखांपैकी उजव्याला जास्त उचल मिळते, विमान डावीकडे कलतं; शेपटी नाक परत ओढते, मग हेच उलट्या बाजूला. वैमानिकाचा पाय क्षणभर चुकला तरी झोका वाढतो. म्हणून यॉ डॅम्पर: जायरो वळण टिपतो, रडर लगेच विरुद्ध हलतो.

इथे रडरच उरला नव्हता. वैमानिक इंजिनांचा जोर कमी-जास्त करत बत्तीस मिनिटं झुंजले. ५२० जण गेले, चौघी वाचल्या.