लोक काय टाइप करून आले?

यूट्यूबवर व्हिडिओचं शीर्षक आपण ठरवतो, पण प्रेक्षक शोधताना कोणते शब्द टाइप करतो हे स्टुडिओ सांगतो. एखादा व्हिडिओ उघडून ‘Analytics’मध्ये जायचं, ‘Advanced mode’ निवडायचा, ‘Traffic source’वर टिचकी मारून ‘YouTube search’ उघडायचं. कालावधी शेवटचे 90 दिवस ठेवला की शोधशब्दांची यादी दिसते.

समजा, स्वयंपाकाच्या चॅनेलवर ‘आजीच्या हातची खमंग भाकरी’ हा आठ मिनिटांचा व्हिडिओ आहे. यादीत सगळ्यात वर ‘ज्वारीची भाकरी’ आहे: 420 व्ह्यूज, पण पाहण्याची सरासरी वेळ जेमतेम सव्वा मिनिट. खाली ‘bhakri ka tutate’ 38 वेळा, ‘भाकरी तुटते’ 31 वेळा आणि ‘bhakari tutu naye’ 22 वेळा; हे प्रेक्षक मात्र चार-साडेचार मिनिटं थांबलेत. ‘आजी’ आणि ‘खमंग’ हे शब्द यादीत कुठेच नाहीत.

इथे नुसता वरचा आकडा बघितला तर फसगत होते. मराठी माणूस कधी देवनागरीत टाइप करतो, कधी रोमन लिपीत, तेही मनाला येईल त्या स्पेलिंगने. त्यामुळे एकच प्रश्न तीन ओळींत विखुरतो. त्या ओळी एकत्र केल्या की 91 व्ह्यूज होतात. शिवाय ही मंडळी नेमकी अडचण घेऊन आलेली असतात, म्हणून पीठ मळण्याच्या भागापर्यंत टिकतात. पुढच्या व्हिडिओचा विषय हाच: ज्वारीत ग्लूटेन नसतं, पीठ जुनं झालं की चिकटपणा आणखी कमी होतो, आणि गरम पाण्यात मळलं की पीठ धरून राहतं.

मग शीर्षक असं: ‘ज्वारीची भाकरी तुटते? पीठ असं मळा’. मोबाइलवर लांब शीर्षक मागून कापलं जातं, म्हणून कामाचे शब्द आधी. वेगवेगळी स्पेलिंगं शीर्षकात कोंबायची नाहीत. त्यांच्यासाठी टॅग आहेत.

दोन पथ्यं पाळावीत. पाच-सात व्ह्यूज असलेल्या शब्दाच्या सरासरीवर विसंबू नये. एकाच माणसाने पूर्ण व्हिडिओ पाहिला तरी ती फुगते. दुसरं, ही यादी फक्त आपल्यापर्यंत पोचलेल्यांची असते. शोधून दुसऱ्याच्या व्हिडिओवर गेलेले तिच्यात नसतात.

नवा व्हिडिओ टाकल्यावर तीन-चार आठवड्यांनी त्याची यादी बघावी. ‘तुटते’वाले शब्द वर आले, पण लोक अर्ध्या मिनिटात निघून जात असतील, तर शीर्षकाला हात लावू नये. उत्तर व्हिडिओत फार उशिरा येतंय. आधीची प्रस्तावना कापावी. आणि मुळात बहुतेक व्ह्यूज शोधातून नव्हे तर होमपेजवरून येत असतील, तर शीर्षक या यादीवरून ठरवूच नये.