एका पट्टीची तीन तापमानं

एपॉक्सीची एक पट्टी घ्या. लांबी पाच सेंटिमीटर, रुंदी बारा मिलिमीटर, जाडी दोन मिलिमीटर. ती नेमक्या किती तापमानाला मऊ पडते, असं प्रयोगशाळेला विचारलं तर एकाच चाचणीतून, एकाच आलेखावरून तीन उत्तरं येऊ शकतात: १२४, १३२ आणि १४० अंश सेल्सिअस. तिन्ही बरोबर असतात. तरीही माहितीपत्रकात त्यांपैकी कोणतं छापलं जातं याला फार महत्त्व आहे, कारण विमानाच्या किंवा पवनचक्कीच्या भागासाठी साहित्य निवडणारा अभियंता बहुधा तो एकच आकडा पाहतो.

या चाचणीला डायनॅमिक मेकॅनिकल अ‍ॅनालिसिस म्हणतात. बोलताना सगळे डीएमएच म्हणतात. पट्टी चिमट्यांत पकडायची आणि सेकंदाला एकदा, अगदी थोडी, काही दशक मायक्रॉन इतकीच, वाकवायची आणि सोडायची. हे चालू असताना भट्टीचं तापमान मिनिटाला पाच अंशांनी वाढवत न्यायचं. यंत्र दोनच गोष्टी मोजतं: किती बल लावलं आणि पट्टी किती वाकली. सगळं इंगित या दोन लाटांमधल्या अंतरात आहे.

पोलादी स्प्रिंग बल लावताक्षणी वाकते आणि बल काढताच सगळी ऊर्जा परत देते. काकवीत चमचा फिरवला तर काहीच परत मिळत नाही, सगळं घर्षणात जिरतं. पॉलिमर या दोहोंच्या मधला. त्याची वाकण्याची लाट बलाच्या लाटेच्या किंचित मागे राहते, आणि हे मागे राहणं कोनात मोजतात. तो कोन म्हणजे डेल्टा. या कोनाच्या आधारे पदार्थाच्या ताठपणाचे दोन भाग करता येतात. परत मिळणाऱ्या ऊर्जेशी जोडलेला भाग म्हणजे स्टोरेज मॉड्युलस, E′. उष्णता होऊन जिरणाऱ्या ऊर्जेशी जोडलेला भाग म्हणजे लॉस मॉड्युलस, E″. दोहोंचं गुणोत्तर म्हणजे टॅन डेल्टा:

tan δ = E″ / E′

आता पट्टीकडे येऊ. पुढचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत, पण या जातीच्या एपॉक्सीत साधारण असंच दिसतं. १२० अंशांना स्टोरेज मॉड्युलस २००० मेगापास्कल आहे, म्हणजे पट्टी अजून कडक, काचेसारखी आहे. १२४च्या आसपास आलेख कडा ओलांडल्यासारखा खाली वळतो. १३२ला तो १००० वर आलेला असतो, १४०ला २०० वर, आणि १५०ला अवघा ४०. त्यापुढे पट्टी रबरासारखी वागते. वितळत मात्र नाही, कारण एपॉक्सीतल्या साखळ्या रासायनिक बंधांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. बदललेली असते ती बंधांमधल्या तुकड्यांची हालचाल. थंडीत जागच्या जागी गोठलेले हे तुकडे आता वळू-सरकू लागतात. या पालटाला काच-संक्रमण म्हणतात.

लॉस मॉड्युलसची चाल वेगळी आहे. कडक अवस्थेत तुकडे हलतच नाहीत, म्हणून घर्षण कमी. रबरी अवस्थेत ते इतके मोकळे हलतात की घर्षण पुन्हा कमी होतं. मधल्या टप्प्यात हालचालीला लागणारा वेळ आपल्या एका सेकंदाच्या हेलकाव्याशी जुळत आलेला असतो आणि ऊर्जा सर्वांत जास्त जिरते. आपल्या पट्टीत हे शिखर १३२ अंशांवर, २५० मेगापास्कलवर येतं. तिथे टॅन डेल्टा २५० भागिले १००० म्हणजे ०.२५.

मग टॅन डेल्टाचं शिखर तिथेच का येत नाही? १४० अंशांना लॉस मॉड्युलस १४० पर्यंत उतरलेला आहे, पण स्टोरेज मॉड्युलस त्याहून वेगाने कोसळून २०० झाला आहे. गुणोत्तर ०.७. अंश घटत असूनही छेद त्याहून जोरात घटतो, म्हणून भागाकार वाढतच राहतो. १५०ला १२ भागिले ४० म्हणजे ०.३, तेव्हा कुठे तो खाली येतो. टॅन डेल्टाचं शिखर उंच, रेखीव आणि वाचायला सर्वांत सोपं असतं. वाचणाऱ्याचा हात त्यात फारसा नसतो, तर स्टोरेजच्या आलेखावरची पहिली घसरण ठरवायला दोन स्पर्शरेषा काढाव्या लागतात. पण सोपं असलेलं हे शिखर सर्वांत उशिरा येतं. तिथे पोहोचेपर्यंत पट्टीचा नऊ-दशांश ताठपणा गेलेला आहे. १४० हा आकडा पाहून कुणी तो भाग १३० अंशांत वापरायचं ठरवलं, तर तो आधीच जवळजवळ अर्धा मऊ झालेल्या साहित्यावर भार टाकतो आहे.

म्हणूनच तंतुयुक्त कंपोझिटसाठी असलेली ASTM D7028 ही प्रमाणपद्धत काच-संक्रमणाचं तापमान स्टोरेज मॉड्युलसच्या घसरणीच्या सुरुवातीवरून घेते. टॅन डेल्टाचं शिखरही सोबत नोंदवायला सांगते. विमान उद्योगात यापुढे आणखी अंतर राखतात: ओलावा शोषलेल्या नमुन्याचं हे तापमान काढायचं आणि त्याच्या २८ अंश खालीच कामाची मर्यादा ठेवायची, असा तिथला जुना संकेत आहे. ओल्या नमुन्याचा आग्रह योग्यच आहे. एपॉक्सी हवेतलं पाणी पितो, आणि ते पाणी साखळ्यांमध्ये शिरून त्यांची हालचाल सोपी करतं. संक्रमण वीस-तीस अंशांनी खाली येणं नवलाचं नाही.

टॅन डेल्टाचं शिखर यामुळे निरुपयोगी ठरत नाही. मर्यादा सांगण्याचं काम त्याचं नव्हे, पण आतली रचना ते चांगली दाखवतं. बंध दाट असले तर शिखर बुटकं होतं आणि वरच्या तापमानाकडे सरकतं. दोन पॉलिमर एकजीव न होता वेगळे राहिले असतील तर दोन शिखरं दिसतात. एपॉक्सीत उणे साठ अंशांच्या आसपास एक लहान उंचवटाही असतो. तो साखळीतल्या लहान गटांच्या स्थानिक हालचालीचा. टायर बनवणारे तर हेच गुणोत्तर दोन ठिकाणी वाचतात: शून्य अंशाजवळ ते जास्त हवं, म्हणजे ओल्या रस्त्यावर पकड मिळते, साठ अंशांना कमी हवं, म्हणजे इंधन कमी लागतं.

प्रत्येक उंचवटा मात्र खरं संक्रमण नसतो. ओली पट्टी तापताना यंत्रातच वाळू लागते, आणि वाळलेला भाग वेगळ्या तापमानाला मऊ पडल्याने खांदा किंवा दुसरं शिखर दिसू शकतं. पट्टी अर्धवट पक्व असेल तर घसरणीनंतर स्टोरेज मॉड्युलस पुन्हा वर चढतो, कारण उरलेली रासायनिक क्रिया भट्टीतच पुरी होत असते. चिमटा सैल पडला तरी आलेख डगमगतो.

शंका आली की वारंवारिता बदलून पाहायची. सेकंदाला एकाऐवजी दहा हेलकावे दिले तर तुकड्यांना प्रतिसादाला दहापट कमी वेळ मिळतो, म्हणून खरं काच-संक्रमण पाच-सात अंशांनी वर सरकतं. उणे साठजवळचा उंचवटा त्याहूनही जास्त सरकतो. वाळण्यामुळे किंवा पक्व होण्यामुळे आलेला बदल मुख्यतः तापवण्याच्या वेगावर अवलंबून असतो, त्यामुळे तो जवळजवळ जागचा हलत नाही. याच कारणाने वारंवारिता, तापवण्याचा वेग आणि तीन खुणांपैकी कोणती खूण वाचली, हे शेजारी लिहिलेलं नसेल तर दोन प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत.