तीन दिवसांत पत्र, दहा दिवसांत पैसे

साताऱ्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेचं उदाहरण घेऊ. मुलाकडे दुबईला जायचं म्हणून त्यांनी डेबिट कार्डावर परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार सुरू करून घेतले. परत आल्यावर ते बंद करायचं राहून गेलं. ११ जुलै २०२५, शुक्रवार. रात्री पावणेबाराला बँकेचे पाठोपाठ दोन एसएमएस आले. कुठल्याशा परदेशी संकेतस्थळावर आधी २३,७५० रुपये आणि मग ६,४८० रुपये खर्च झाल्याचे. ओटीपी आला नव्हता. तो येणारही नव्हता, कारण ऑनलाइन खरेदीला ओटीपीची सक्ती आपल्याकडची आहे. परदेशी व्यापारी बरेचदा कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावरच पैसे कापतो.

बाईंनी आधी बँकेच्या ॲपवरून कार्ड बंद केलं आणि मग हेल्पलाइनला फोन लावला. बहुतेक लोक इथेच थांबतात. फोनवरच्या मुलीने ‘तक्रार नोंदवली’ म्हटलं की काम झालं असं वाटतं. पण ती नेमकी कसली तक्रार नोंदवते, हे आपल्याला दिसत नाही. ‘कार्ड बंद करण्याची विनंती’ अशी नोंद झाली, तर गेलेल्या पैशांबद्दल तुम्ही काहीच कळवलेलं नाही असं पुढे बँक म्हणू शकते. म्हणून त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी लेखी कळवायचं. बाईंनी शनिवारी सकाळी बँकेला ईमेल केला. परत आलेल्या उत्तरात तक्रार क्रमांक होता.

या घाईमागे रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. सहकारी बँकांसाठी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तसंच परिपत्रक निघालं, म्हणजे जिल्हा बँकेचे किंवा नागरी बँकेचे खातेदारही यातून सुटलेले नाहीत. चूक बँकेची असेल, तर ग्राहकाने केव्हा कळवलं याला महत्त्व नाही, नुकसान बँकेचंच. पण चूक ना बँकेची ना ग्राहकाची, मधल्याच कुठल्या साखळीतून कार्डाचा तपशील फुटला, अशा वेळी दिवस मोजले जातात. बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर एक रुपयाचाही भार नाही.

दिवस तुमचं खातं असलेल्या शाखेच्या कामाच्या वेळापत्रकाने मोजायचे आणि संदेश आला तो दिवस धरायचा नाही. १२ जुलै हा दुसरा शनिवार, १३ ला रविवार. म्हणजे सोमवारपासून मोजणी सुरू आणि तिसरा दिवस बुधवार, १६ जुलै. बाईंनी तर मोजणी सुरू होण्याआधीच कळवलं होतं.

त्या गावाला गेल्या असत्या आणि २१ जुलैला कळवलं असतं तर? तो कामाचा सातवा दिवस. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं, तर साध्या बचत खात्याच्या ग्राहकाला दर व्यवहारामागे जास्तीत जास्त १०,००० रुपये सोसावे लागतात. व्यवहार त्याहून लहान असेल तर तो पूर्ण बुडतो. म्हणजे पहिल्या व्यवहाराचे १०,००० आणि दुसऱ्याचे सगळेच्या सगळे ६,४८०. एकूण ३०,२३० पैकी फक्त १३,७५० परत. मर्यादा व्यवहारागणिक असल्यामुळे चोराने पाच-पाच हजारांचे सहा तुकडे केले, तर उशिरा कळवणाऱ्याला काहीच मिळत नाही. सात दिवसांनंतर तर बँकेच्या संचालक मंडळाने ठरवलेलं धोरण लागू होतं. ते बँकेच्या संकेतस्थळावर असतं.

आता पत्र. त्यात संताप नको, वेळा हव्यात. बाईंचा मजकूर असा होता:

“माझ्या बचत खात्याच्या डेबिट कार्डावरून (शेवटचे चार आकडे अमुक) ११ जुलै २०२५ रोजी रात्री २३,७५० रुपये आणि ६,४८० रुपये असे दोन व्यवहार झाले. ते मी केलेले नाहीत आणि त्यांना माझी संमती नव्हती. कार्ड माझ्याजवळच आहे. पिन, ओटीपी किंवा कार्डाचा तपशील मी कोणालाही सांगितलेला नाही. आपले एसएमएस रात्री ११.४५ ला मिळाले, ११.५२ ला मी कार्ड बंद केले. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार दोन्ही रकमा कामाच्या दहा दिवसांत, म्हणजे २४ जुलैपर्यंत, व्यवहाराच्या तारखेपासून जमा धराव्यात आणि तक्रारीचा निकाल ९० दिवसांत, म्हणजे १० ऑक्टोबरपर्यंत, लेखी कळवावा. जबाबदारी माझी आहे असे बँकेचे म्हणणे असल्यास त्याचा पुरावा द्यावा.”

एसएमएसची छायाचित्रं सोबत जोडली. पूर्ण कार्ड क्रमांक किंवा मागचे तीन आकडे मात्र अशा पत्रात कधीच लिहायचे नाहीत.

‘कार्डाचा तपशील कोणालाही सांगितलेला नाही’ हे वाक्य खरं असेल तरच लिहावं. ओटीपी कोणाला सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचंच, ते पत्राने परत येत नाही. कळवल्यानंतर जे जाईल ते मात्र बँकेचं, म्हणून अशा वेळीही कळवायचंच.

पत्रानंतर शाखा सहसा एक डिस्प्यूट फॉर्म पुढे करते. त्यातले चौकोन नीट वाचावेत. ‘माल मिळाला नाही’ किंवा ‘दोनदा पैसे कापले’ यावर खूण केली, की खरेदी तुम्हीच केली हे कबूल केल्यासारखं होतं आणि प्रकरण व्यापाऱ्याशी असलेल्या भांडणात जातं. खूण ‘हा व्यवहार मी केलेला नाही’ यावरच हवी.

दुसरी अडचण चार्जबॅकची. शाखेतले साहेब सांगतात, “मॅडम, व्यापाऱ्याच्या बँकेकडून उत्तर येईपर्यंत दोन महिने थांबावं लागेल.” बँकेने व्यापाऱ्याकडून पैसे खुशाल वसूल करावेत, पण दहा दिवसांची जमा त्यावर अवलंबून नाही. परिपत्रकाप्रमाणे विम्याच्या दाव्यासाठीही ती अडवता येत नाही. म्हणूनच पत्रात २४ जुलै ही तारीख घातलेली बरी. ‘लवकरात लवकर’ला बँकेत कोणी विचारत नाही.

ही जमा तात्पुरती असते, बँकेतले लोक तिला शॅडो क्रेडिट म्हणतात. खात्यात आकडा दिसतो, पण बँक त्यावर लीन लावते आणि निकाल लागेपर्यंत रक्कम काढता येत नाही. निकाल विरुद्ध गेला तर ती काढून घेतली जाते. एवढं असूनही तिचा उपयोग आहे. बचत खात्यावरचं व्याज बुडत नाही आणि क्रेडिट कार्ड असेल तर वादातल्या रकमेवर व्याज चढत नाही.

बाईंना बँक विचारणार, “परदेशी व्यवहार तुम्हीच सुरू केले होते ना?” केले होते. पण सोय सुरू ठेवणं म्हणजे चोराला संमती देणं नव्हे. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार परिपत्रकाने बँकेवरच टाकला आहे. व्यवहारात कार्डाचा बरोबर तपशील वापरला गेला, एवढ्याने तो सिद्ध होत नाही. ‘व्यवहार यशस्वीरीत्या पडताळला गेला’ असं एका ओळीचं उत्तर आलं, तर कशाच्या आधारावर, हे त्याच तक्रार क्रमांकावर लेखी विचारावं.

तोपर्यंत १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि cybercrime.gov.in वर तक्रार देऊन तिचा क्रमांक बँकेला कळवावा. पण पोलिसांकडे गेल्याने बँकेला कळवल्यासारखं होत नाही, दिवस बँकेच्याच पत्रावरून मोजले जातात.

तक्रारीला तीस दिवस होऊनही उत्तर नाही किंवा उत्तर पटलेलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर फुकट तक्रार करता येते. बाईंच्या बाबतीत ती तारीख ११ ऑगस्ट. तिथे एसएमएसची वेळ, ईमेलची प्रत, तक्रार क्रमांक आणि २४ जुलैला पैसे जमा न झाल्याचं दाखवणारा खातेउतारा जोडायचा. नव्वद दिवसांत जबाबदारी कोणाची हे बँकेला ठरवता आलं नाही, तर परिपत्रकातल्या मर्यादेनुसार रक्कम बँकेनेच द्यायची असते. वेळेत कळवणाऱ्या बाईंसाठी तो आकडा पूर्ण ३०,२३० रुपये.