बापाने वाक्य पुरं होऊ दिलं नाही

तिसरी-चौथीच्या मुलांना उधळ्या पुत्राची गोष्ट सांगताना आपण बहुतेक डुकरांपाशी रेंगाळतो. मुलगा कसा वाया गेला, मग त्याचे कसे हाल झाले, हे रंगवून सांगतो आणि बापाच्या मिठीशी गोष्ट संपवतो. पण लूकच्या शुभवर्तमानातल्या पंधराव्या अध्यायात गोष्ट त्यापुढेही जाते. पापी लोकांच्या पंक्तीला बसतो म्हणून कुरकुरणाऱ्या परुशी आणि शास्त्री मंडळींना येशूने ती सांगितली होती.

धाकटा बापाकडे वाटणी मागतो. ज्यू नियमशास्त्राप्रमाणे थोरल्याला दुप्पट हिस्सा, म्हणजे दोन भावांत धाकट्याला तिसरा भाग. बाप हयात असताना तो मागणं म्हणजे त्याच्या मरणाचीही वाट न पाहणं. मुलांना एवढं सांगितलं की बापाला काय लागलं असेल ते त्यांना लगेच कळतं. मग परदेश, उधळपट्टी, दुष्काळ. ज्यूंना अशुद्ध असलेली डुकरं राखायची पाळी येते आणि त्यांच्यापुढच्या शेंगाही खायला मिळत नाहीत.

परत निघताना तो माफीचं बोलणं मनात जुळवून ठेवतो. ‘मी चुकलो, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी नाही, मला गडी म्हणून ठेवा,’ असा त्याचा मतलब. मुलांकडून हे मोठ्याने म्हणवून घ्यावं, कारण पुढची गंमत त्यातच आहे. तो दूर असतानाच बापाला दिसतो. पोक्त माणसाने असं धावणं तेव्हा शोभत नसे, तरी बाप धावत सुटतो. मुलगा बोलू लागतो, पण गडी म्हणून ठेवा हे त्याच्या तोंडून निघतच नाही. त्याआधीच बाप चाकरांना झगा, अंगठी आणि जोडे आणायला सांगतो. म्हणजे घरात घेतलं ते मुलगा म्हणूनच.

इथे वर्गातून हमखास प्रश्न येतो: ‘मग त्याला परत पैसे मिळाले का?’ या प्रश्नाला घाईने बगल देऊ नये. उत्तर गोष्टीतच आहे. जे माझं आहे ते सगळं तुझंच, असं बाप पुढे थोरल्याला सांगतो. धाकट्याला घर मिळालं, जेवण मिळालं, मुलाचा मान मिळाला. उडवलेला हिस्सा पुन्हा मिळाल्याचं गोष्टीत कुठे नाही. क्षमा केली म्हणजे जे झालं ते झालंच नाही असं नव्हे, हे मुलांना या हिशेबावरून नीट उमगतं.

थोरला शेतातून येतो. गाणं-नाचणं ऐकून रागावतो आणि उंबऱ्याबाहेरच थांबतो. इतकी वर्षं राबलो, मला मित्रांसाठी कधी साधं करडूही मिळालं नाही, ही त्याची तक्रार. धाकट्याला तो ‘माझा भाऊ’ म्हणत नाही, ‘तुमचा मुलगा’ म्हणतो. बाप मात्र त्याला ‘तुझा भाऊ’ असंच ऐकवतो. वर्गातली अर्धी मुलं इथे थोरल्याच्या बाजूची होतात. त्यांना गप्प करू नये. त्याचं दुखणंही खरं आहे. म्हणून तर बाप जेवणावळ सोडून त्याच्याकडेही स्वतः बाहेर येतो.

थोरला आत गेला का? लूकने ते लिहिलेलं नाही. मीही तिथेच थांबते आणि मुलांच्या हातात कोरा कागद देते.